सप्टेंबरअखेरचे एकवीस तास: पुण्यातल्या एका सीए फर्मचं प्रकरण

हे प्रकरण सप्टेंबर 2023 मधलं आहे. फर्मचं नाव दिलेलं नाही, माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दोन्ही भागीदार आणि टीममधल्या बहुतेकांशी बोलून ते लिहिलं आहे. शेवटच्या दिवसांत माणसांना जादा बसवणं आपल्या व्यवसायात इतकं अंगवळणी पडलं आहे की ते नीट मागायचं असतं, मोजायचं असतं आणि परत करायचं असतं, हे बहुतेक ऑफिसांत कुणी मनावरच घेत नाही. या फर्मने ते एकदा मनावर घेतलं.

## पार्श्वभूमी

ऑफिस सदाशिव पेठेत आहे, लक्ष्मी रस्त्यापासून चालत पाच मिनिटांवर. दोन भागीदार: एक ज्येष्ठ, त्यांना सगळे सर म्हणतात, दुसऱ्या वयाने बऱ्याच लहान, त्या मॅडम. ऑडिटचं काम प्रत्यक्ष करणारे पाच जण. त्यातले दोघे पगारी आणि जुने आहेत, त्यांना ऑफिसात ताई आणि दादा म्हणतात. बाकीचे तिघे आर्टिकल, म्हणजे सीए होण्यासाठी शिकाऊ म्हणून काम करणारे. आणखी तीन आर्टिकल नोव्हेंबरच्या परीक्षेसाठी रजेवर होते. जीएसटीचं महिन्याचं काम दोन अकाउंटंट बघतात आणि ऑफिस उघडण्यापासून कुलूप लावण्यापर्यंतचं सगळं शिपाईकाका बघतात.

आदल्या वर्षी, 2022 मध्ये, सगळे रात्री दहा-साडेदहापर्यंत बसले होते. "हे एवढं होऊ दे, मग सुट्टी घ्या" असं सांगितलं गेलं होतं. टॅक्स ऑडिटची मुदत 30 सप्टेंबरची ती ऐनवेळी 7 ऑक्टोबर झाली, तेव्हा तो आठवडाही गेला. मग रिटर्नची मुदत आली, मध्येच दिवाळी आली, तीही मुदत 7 नोव्हेंबरपर्यंत वाढली, आणि सुट्टीचा विषय कुणी काढलाच नाही. डिसेंबरमध्ये एक अनुभवी सहायक नोकरी सोडून गेला. जाताना त्याने कारण पगाराचं सांगितलं, पण ताईंच्या मते खरं कारण ती न मिळालेली सुट्टी होती.

## अडचण

सोमवार, 11 सप्टेंबरला मॅडमनी फायली मोजल्या. टॅक्स ऑडिटच्या 41 फायली बाकी होत्या. त्यातल्या 14 शेवटच्या तपासणीत होत्या, प्रत्येकी साधारण चार तासांचं काम. 18 फायलींचा डेटा आलेला होता पण हात लागलेला नव्हता. त्या प्रत्येकी चौदा तासांच्या. आणि नऊ क्लायंटांचा डेटाच आलेला नव्हता. उशिरा येणारा डेटा हमखास विस्कळीत असतो, म्हणून त्यांचे अठरा तास धरले. बेरीज 470 तास.

मुदत 30 सप्टेंबर असली तरी या ऑफिसची मुदत ती नव्हती. त्या वर्षी गणेश चतुर्थी 19 तारखेला आणि अनंत चतुर्दशी 28 ला होती. पेठेत विसर्जनाच्या दिवशी ऑफिसला पोचणं अशक्य, आणि मिरवणूक दुसऱ्या दिवशीही चालूच असते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ऑडिट रिपोर्ट सीएने अपलोड केला की काम संपत नाही. क्लायंटने स्वतःच्या लॉगिनमधून तो स्वीकारावा लागतो, तोही मुदतीच्या आत. ज्यांच्याकडे डिजिटल सही नाही त्यांच्या मोबाइलवर ओटीपी येतो. मिरवणुकीत ढोल वाजत असताना क्लायंट ओटीपी कसा सांगणार? म्हणून मॅडमनी पाटीवर मोठ्या आकड्यांत 27 लिहिलं.

27 पर्यंत कामाचे दिवस उरत होते चौदा. 15 तारखेचा ॲडव्हान्स टॅक्स, 20 तारखेचं जीएसटी रिटर्न आणि क्लायंटांचे फोन वजा जाता माणशी दिवसाला साडेचार तासच ऑडिटला मिळतात. पाच जणांचे मिळून 315. म्हणजे 155 तासांचा खड्डा.

## समोर असलेले पर्याय

सरांचा पर्याय नेहमीचा होता: आजपासून सगळे दहापर्यंत, रविवारीसुद्धा. "आम्ही आर्टिकल होतो तेव्हा रात्री दोनपर्यंत बसायचो" हे त्यांनी मनापासून सांगितलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मॅडमचं म्हणणं असं, की "सगळे दहापर्यंत" ही मागणीच नाही, कारण तिला शेवट नाही. किती तास हवेत हे न सांगता मागितलं की माणूस काम उरकत नाही, नुसता बसून राहतो.

मुदतवाढीची वाट बघणं हा टीमचा लाडका पर्याय होता. आदल्या वर्षी ती मिळाली होती, आणि जाहीर झाली होती ती थेट 30 सप्टेंबरला. त्यावर विसंबलं असतं तर 2023 मध्ये फर्म तोंडघशी पडली असती, कारण टॅक्स ऑडिटची मुदत त्या वर्षी वाढली नाही.

परीक्षेच्या रजेवरच्या तिघांना "चार दिवस" बोलवावं, असंही सरांनी सुचवलं. मॅडमनी ते मान्य केलं नाही. दीड महिन्यावर फायनल आलेल्या मुलाचे चार दिवस तुम्ही कशाने परत देणार? बाहेरून तात्पुरती माणसं आणायची तर त्यांना क्लायंट समजावून सांगण्यात ताई-दादांचाच वेळ गेला असता.

शेवटी दोन गोष्टी ठरल्या. शेवटच्या तपासणीतल्या 14 फायली भागीदारांनी पूर्णपणे स्वतःकडे घ्यायच्या, अगदी कलमवार माहिती भरण्यापासून. एरवी हे काम आर्टिकल करतात. त्यामुळे 56 तास कमी झाले. दुसरं म्हणजे, डेटा न दिलेल्या नऊ क्लायंटांना त्याच दिवशी लेखी कळवायचं: शनिवार, 16 तारखेपर्यंत डेटा आला नाही तर 30 तारखेची हमी नाही. उशीर झाल्यास आयकर कायद्याच्या कलम 271बी खाली उलाढालीच्या अर्धा टक्का, जास्तीत जास्त दीड लाख रुपये दंड लागू शकतो, हेही त्यात स्पष्ट लिहिलं. हे पत्र पाठवायला सर नाखूश होते. जुने क्लायंट दुखावतील अशी त्यांना भीती होती. पण भागीदार स्वतः काही सोडणार नसतील आणि क्लायंटला काही बोलणार नसतील, तर सगळा भार टीमवरच येतो. माझ्या मते या प्रकरणात निर्णायक ठरला तो हाच दिवस.

आता उरले 99 तास. पाच जणांत माणशी वीस.

## मागणी कशी केली

मीटिंग बोलावण्याआधी मॅडम प्रत्येकाशी वेगळं बोलल्या. प्रश्न एकच होता: "या तीन आठवड्यांत तुझं असं काय आहे, जे हलवता येणार नाही?" सगळ्यांसमोर विचारलं असतं तर सगळे "काही नाही मॅडम" म्हणाले असते.

ताईंकडे गौरी असतात. 21 ते 23 त्यांना संध्याकाळी थांबणं शक्य नव्हतं, आणि 18 ला हरतालिकेचा उपास. एक आर्टिकल ढोलपथकात होता, सराव रोज संध्याकाळी सातला. तळेगावहून लोकलने येणाऱ्या मुलीला घरी पोचायला आधीच साडेआठ होत. तिसरा लातूरचा. त्याच्या घरी महालक्ष्म्या असतात, आणि 22 तारखेला जेवणाला घरी असायचंच, असं त्याने आईला सांगून ठेवलं होतं. हे तो ऑफिसात बोललाच नव्हता. रजा मिळणार नाही असं गृहीत धरून, घरी कसं सांगायचं याच विचारात होता. दादांनी "माझं काही नाही" सांगितलं, आणि त्यांच्या बाबतीत तेच पुढे अडचणीचं ठरलं.

मंगळवारी सकाळी मीटिंग झाली. मॅडमचं बोलणं ज्यांनी ऐकलं त्यांना ते अजून जवळजवळ तसंच्या तसं आठवतं: "गेल्या वर्षी सुट्टी देऊ म्हटलं आणि दिली नाही. ते मी विसरलेले नाही. या वेळी मला प्रत्येकाचे एकवीस तास जास्तीचे हवेत. नऊ संध्याकाळी दोन-दोन तास आणि 17 तारखेच्या रविवारी सकाळी तीन. गणपतीच्या दिवसांत हे मागतेय, म्हणजे काय मागतेय ते मला कळतं. एकवीस तास म्हणजे आपले तीन दिवस. ते तीन दिवस कधीचे, हे आत्ता, या खोलीतून उठायच्या आधी ठरवू."

भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं गेलं. परतीचे दिवस 3 ते 14 ऑक्टोबरच्या दरम्यानच घ्यायचे होते. त्या वर्षी हा अख्खा काळ पितृपक्षाचा होता. व्यापारी क्लायंट नवं काही काढत नाहीत, फोन कमी असतात. 15 पासून नवरात्र आणि पाठोपाठ 31 ऑक्टोबरची रिटर्नची मुदत. म्हणजे दिवस या खिडकीत घेतले नाहीत तर ते बुडणार, हे आदल्या वर्षीने शिकवलं होतं. एका दिवशी दोघांपेक्षा जास्त नसावेत, आणि सुट्टीवर असलेल्याच्या क्लायंटचे फोन कुणी घ्यायचे त्याचं नाव तारखेखाली लिहायचं. आर्टिकल मंडळींच्या रजेच्या हिशोबात हे दिवस धरायचे नाहीत, हजेरीच लावायची.

ताई आणि दादा पगारी. त्यांना जादा तासांचे दुप्पट दराने पैसे द्यायचं ठरलं, आणि त्यावर एक दिवस सुट्टी. यात गल्लत होण्यासारखी आहे, म्हणून थोडं थांबतो. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा वेळेला दुप्पट दराने वेतन आहे. हा कायदा ज्याला लागू होतो त्या कर्मचाऱ्याला "पैसे नको, त्याऐवजी सुट्टी घे" असं परस्पर सांगता येत नाही. वेळ परत देणं हे वेतनाच्या वर असतं. आर्टिकल हे शिकाऊ, त्यांचा मामला वेगळा. तिथे वेळ हीच खरी परतफेड.

वेळा सगळ्यांसाठी सारख्या ठेवल्या नाहीत. पथकातला मुलगा सकाळी साडेआठला यायचा आणि साडेसहाला सुटायचा. तळेगावच्या मुलीने एक तास सकाळी, एक संध्याकाळी घेतला, आणि शिवाजीनगर स्टेशनपर्यंतची रिक्षा फर्मची. गौरींच्या तीन संध्याकाळी आणि हरतालिकेची संध्याकाळ सगळ्यांनाच मोकळी होती.

लातूरच्या मुलाचा प्रश्न सगळ्यात अवघड होता. मॅडमनी सुचवलं की त्याने आपल्या तीन दिवसांपैकी दोन आधीच घ्यावेत, 22 आणि 23, आणि रविवार धरून 25 ला सकाळी हजर व्हावं. मुदतीच्या आठवडाभर आधी सुट्टी! सर म्हणाले, "आधी काम, मग मोबदला." मॅडमचं उत्तर होतं की त्याच्यासाठी ऑक्टोबरमधले दोन दिवस काही कामाचे नाहीत, त्याला हेच दोन हवेत. त्याची एक फाईल त्यांनी स्वतःकडे घेतली.

## प्रत्यक्षात काय झालं

पहिला आठवडा सुरळीत गेला. नऊपैकी सहा क्लायंटांचा डेटा 16 च्या आत आला. त्यातले दोघे दरवर्षी 25 च्या आधी न उगवणारे.

गुरुवारी, 14 तारखेला, एक गोष्ट ध्यानात आली. कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेली पीएफची रक्कम कधी भरली, याच्या तारखा ऑडिट रिपोर्टच्या फॉर्म 3सीडीमधल्या कलम 20(बी) मध्ये द्याव्या लागतात. दोन फायलींत देय तारीख आणि भरल्याची तारीख यांची अदलाबदल झाली होती. सहीआधी सापडलं म्हणून निभावलं. नाहीतर वेळेवर भरलेली रक्कम उशिरा भरल्यासारखी दिसली असती आणि क्लायंटचं करपात्र उत्पन्न विनाकारण वाढलं असतं. मॅडमनी चूक कुणाची हे शोधण्याऐवजी केव्हाची हे पाहिलं. दोन्ही नोंदी संध्याकाळी आठनंतरच्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून कामाची वाटणी बदलली: लेजर तपासणं आणि तारखा-रकमांच्या नोंदी सकाळी, संध्याकाळच्या दोन तासांत पावत्या लावणं, मागच्या वर्षीचे आकडे घेणं, क्लायंटला प्रश्नांची यादी पाठवणं. संध्याकाळी आठनंतर कुठल्याही रिपोर्टवर सही नाही. दिवसभर काम केलेल्या माणसाचे शेवटचे तास पहिल्या तासांसारखे नसतात, आणि हिशोब करताना आपण ते सारखेच धरतो.

खरी कसोटी 25 तारखेला आली. मार्केट यार्डातल्या एका धान्य व्यापाऱ्याचा टॅलीचा बॅकअप नऊ दिवस उशिरा आला, आणि त्यात साठ्याचा मेळ बसत नव्हता. जुना क्लायंट, सरांचे मित्र. सरांनी शब्द देऊन टाकला: 30 पर्यंत करतो. आता हे कुणी करायचं? टीमला 28 आणि 29 मोकळे दिले होते.

मॅडमनी टीमला विचारलंच नाही. त्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे: भागीदाराने "कुणाला जमेल का?" असं विचारलं की ते विचारणं राहत नाही, कुणीतरी नजर चुकवत हात वर करतो. शब्द सरांनी दिला होता, तेव्हा फाईल दोघा भागीदारांनी सरांच्या घरी बसून केली. दादांनी आपण होऊन 29 ला सकाळी घरून साठ्याचं पत्रक जुळवून दिलं. त्यांचे तास वहीत लिहिले गेले. रिपोर्ट 30 ला दुपारी गेला; पोर्टल अडखळत होतं, पण गेला.

शेवटचा हिशोब असा: 38 रिपोर्ट 27 च्या संध्याकाळपर्यंत अपलोड, एक 30 ला, आणि दोन मुदतीनंतर. ते दोन क्लायंट पत्र मिळूनही महिनाअखेरपर्यंत आले नाहीत. त्यातला एक फर्म सोडून गेला.

## वेळ परत मिळाला का

आर्टिकल तिघांना मिळाला, ठरल्या तारखांना. पथकातल्या मुलाने तिन्ही दिवस सलग घेऊन कोकण गाठलं. ताईंनी आपला दिवस 9 ऑक्टोबरला घेतला.

दादांचा दिवस मात्र सरकत राहिला. "माझं काही नाही" म्हणणारा माणूस सुट्टीही पुढे ढकलतो. 5 ऑक्टोबरची 10 झाली. 10 ला ते घरी होते, पण सकाळी क्लायंटने थेट त्यांना फोन केला आणि ते अकराला ऑफिसात हजर. मॅडमनी त्यांना त्याच पावली परत पाठवलं आणि क्लायंटला स्वतः फोन केला. गेलेला दिवस मात्र गेलेलाच होता. त्यांना भाऊबीजेनंतर दुसरा दिवस दिला.

## वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी राहून गेलेली गोष्ट पाच जणांच्या हिशोबाबाहेरची आहे. शिपाईकाका नऊही संध्याकाळी थांबले, रविवारी सकाळी ऑफिस त्यांनीच उघडलं. पथकातला मुलगा साडेआठला यायचा म्हणून ते आठला यायचे. म्हणजे सगळ्यात जास्त तास त्यांचे झाले, आणि कॅलेंडरवर त्यांचं नाव नव्हतं. हे दुसऱ्या आठवड्यात तळेगावच्या मुलीने बोलून दाखवलं. पैसे आणि सुट्टी दोन्ही त्यांना नंतर मिळाले, पण त्यांना आधी कुणी विचारलं नव्हतं. ऑडिटवाल्यांचे फोन अंगावर घेतलेल्या दोघा अकाउंटंटांचंही तसंच. त्यांना एकेक अर्धा दिवस मिळाला, तोही मागून. जादा तास मागताना ऑफिस चालू ठेवायला कोण कोण लागतं, याची यादी आधी करायला हवी होती.

दुसरं, 16 च्या आत डेटा देणारा सहावा क्लायंट आणि 25 ला देणारा सातवा, म्हणजे धान्य व्यापारी, यांतला फरक सरांच्या मैत्रीने पुसला. 16 तारखेची रेघ एकदा ओढल्यावर ती भागीदारांच्या ओळखीच्यांनाही लागू, असं दोघांनी आपसांत आधीच ठरवलं असतं तर 28-29 चा प्रसंग आलाच नसता. फर्मने 2024 पासून नेमणुकीच्या पत्रातच डेटाची तारीख 31 जुलै घातली. काही क्लायंट ती पाळतात, बरेच अजून पाळत नाहीत.

आणि एक प्रश्न 2024 ने नव्याने उभा केला. त्या वर्षी गणपती 17 सप्टेंबरला गेले, जादा तास कमी लागले, परतीचे दिवस 1 ऑक्टोबरपासून लावले होते. 29 सप्टेंबरला मुदत 7 ऑक्टोबरपर्यंत वाढल्याचं जाहीर झालं. सरांच्या मते परतीचे दिवसही आठवडाभर पुढे न्यावेत, फायली बाकी आहेत. मॅडमनी कॅलेंडरला हात लावला नाही. दोघे आर्टिकल ठरल्याप्रमाणे 1 तारखेपासून सुट्टीवर गेले आणि उरलेल्या फायली 7 पर्यंत भागीदार आणि दादांनी संपवल्या. दादांचा दिवस त्या वर्षीही पुढे गेला; त्यावर फर्मला अजून उपाय सापडलेला नाही.